जुन्या ग्राहकांना दरवाढीचं पत्र: आमच्या काजूचा हिशेब

प्रश्न: गोव्यात हॉटेलं आणि मिठाईवाल्यांना बरीच वर्षं माल देतो. यंदा भाव वाढवल्याशिवाय चालणार नाही. जुन्या ग्राहकांना पत्र कसं लिहावं? खर्चाचे आकडे द्यावेत का, आणि दिले तर ते दुखावणार नाहीत ना?

आकडे द्या. आमच्या घरात याच एका गोष्टीवरून काकांचं आणि माझं अजून जमलेलं नाही, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

डिचोली तालुक्यात आमचं काजूचं छोटं युनिट आहे. वडिलांच्या वेळेपासूनची गिऱ्हाइकं म्हापसा, पणजी, मडगावला आहेत. काकांचं म्हणणं असं, की जुन्या माणसाला कागद पाठवायचा नसतो. फोन करायचा, घरच्यांची विचारपूस करायची आणि शेवटी 'शेट, यंदा थोडं वाढवावं लागतंय' एवढं म्हणायचं. पूर्वी हे चालायचं, कारण गल्ल्यावर मालक स्वतः बसायचा. आता फोन मालक घेतो आणि बिल मुलगा नाहीतर अकाउंटंट बघतो. हॉटेलात तर पर्चेसचा माणूस कधी बदलला तेही कळत नाही. मालकाने तोंडी मान्य केलेली वाढ बिलावर आली की हाच माणूस पैसे अडवून ठेवतो. पत्र लागतं ते त्याच्या फाइलसाठी.

आम्ही वर्षभराच्या बिया मार्च ते मेमध्ये घेऊन ठेवतो. एका हंगामात आमची सरासरी खरेदी किलोला १२० रुपयांवरून १४० वर गेली. ३२० नंबरचा अख्खा गर ८२० रुपयांनी जात होता, तो ९२० करायचं ठरलं. काकांनी आपल्या पद्धतीने म्हापशाच्या एका जुन्या मिठाईवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "बियेला वीस रुपये वाढले हे मीही पेपरात वाचलंय. मग माझ्याकडून शंभर कसे मागता?" काका वर्षानुवर्षं हाच हिशेब करत आलेत, पण तो फोनवर मांडायचा कसा? फोन ठेवून ते मला म्हणाले, "भाव आहे तोच ठेवू. ३२० मध्ये थोडा ४०० नंबर घालू. कोण मोजत बसतंय?"

मोजतात! ३२० नंबर म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर, आणि ४०० नंबर म्हणजे ३५० ते ४००. साध्या काट्यावर शंभर ग्रॅम घेतले तर ३२० चे ६६ ते ७० भरतात, ४०० चे ७७ च्या वर. हॉटेलातल्या कुठल्याही शेफला हे दोन मिनिटांचं काम आहे. पणजीच्या आमच्या एका गिऱ्हाइकाने आधीचा पुरवठादार असाच मोजून बंद केला होता, म्हणून तर ते आमच्याकडे आले. भाव न वाढवता माल हलका करणं हीसुद्धा दरवाढच आहे, फक्त गिऱ्हाइकाला न सांगता केलेली. मला ती मान्य नाही आणि मी ती होऊ दिली नाही.

मग मी शंभर किलो बियांचा हिशेब एका पानावर लिहिला. मिठाईवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं.

शंभर किलो बिया घेतल्या की उन्हात वाळवताना ओल जाते, कटिंगला टरफल जातं, सोलताना साल जाते. आमच्याकडे हातात सरासरी २३ किलो गर येतो. म्हणजे एक किलो गराला सुमारे ४.३५ किलो बी लागते. बीमागे २० रुपये वाढले की गरामागे ८७ वाढतात. इथेच बहुतेकांची गफलत होते, कारण पेपरात छापतो तो बियेचा भाव आणि गिऱ्हाईक घेतं तो गर. शंभर किलोंवर ही वाढ २,००० रुपये झाली. कटिंग आणि सोलणीची मजुरी गराच्या किलोमागे ८ रुपये वाढली होती, वीज आणि पॅकिंग मिळून ३ रुपये. टरफलं आम्ही तेलवाल्यांना विकतो, त्यांचा भाव मात्र किलोला रुपयाने सुधारला होता. सत्तर किलो टरफलांचे ते ७० रुपये मी वजा केले. जमेची बाजू दाखवली नाही तर उरलेल्या आकड्यांवर कोणी विश्वास का ठेवावा? शंभर किलोंवर एकूण बोजा सुमारे २,१८० रुपये, गराच्या किलोमागे ९५.

आता या २३ किलोंत अख्खा गर १५ किलो, बाकी ८ किलो पाकळी आणि तुकडा. पाकळी-तुकड्याला बाजार ५० रुपयांपेक्षा जास्त वाढ देत नव्हता. त्यातून ४०० रुपये सुटले. राहिलेले १,७८० रुपये १५ किलो अख्ख्या गरावर पडले, म्हणजे किलोला जवळजवळ ११९. आम्ही १०० मागितले, १९ स्वतः सोसले.

हे पान मी त्या मिठाईवाल्यांना पाठवलं. ते बर्फीसाठी मुख्यतः तुकडाच घेतात, म्हणजे त्यांच्यासाठी वाढ पन्नासच होती. काकांनी फोनवर शंभरचा आकडा सांगून त्यांना उगाच घाबरवलं होतं. म्हणून एकच पत्र सगळ्यांना पाठवू नका. जो जे घेतो त्याचाच दर त्याच्या पत्रात वर हवा.

पत्र आम्ही असं लिहिलं:

'सप्रेम नमस्कार. यंदाच्या हंगामात काजूबियांची आमची सरासरी खरेदी किलोला १२० रुपयांवरून १४० रुपये झाली. एक किलो गरासाठी सुमारे ४.३५ किलो बी लागते. त्यामुळे १ जूनपासून ३२० नंबर अख्खा काजूगर किलोला ८२० ऐवजी ९२० रुपये राहील, जीएसटी वेगळा. प्रतवारी आणि पॅकिंग तेच राहील, ओलावा ५ टक्क्यांच्या आतच असेल. ३१ मेपर्यंत नोंदवलेली नेहमीइतकी मागणी जुन्या दराने पोचवू. शंभर किलो बियांचा हिशेब सोबत जोडला आहे. खरेदीच्या पावत्या आमच्याकडे केव्हाही पाहता येतील. आपला लोभ आहेच, तो असाच राहावा.'

यात 'नेहमीइतकी' हा शब्द गाळू नका. तो नसेल तर एखादा चवथीपर्यंतचा सगळा माल मेमध्येच जुन्या दराने नोंदवून ठेवतो आणि तुम्ही नव्या भावाच्या बिया फोडून जुन्या भावाने देत बसता. १ जून ही तारीखही सहज घातलेली नाही. तोवर आमचा जुना साठा संपतो. गोदामात गेल्या वर्षीच्या स्वस्त बिया असताना नवा दर लावला तर गिऱ्हाइकाने जाब विचारणं रास्तच आहे.

'वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने' हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. त्याने काहीच कळत नाही, आणि गिऱ्हाइकालाही तीच महागाई आहे. माफीही मागू नका. सभ्यपणा दिसतो तो आगाऊ सूचना देण्यात, जुनी मागणी जुन्या दराने पाळण्यात आणि पावत्या दाखवायची तयारी ठेवण्यात. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेही काही जण वाढीचं कारण म्हणून लिहितात. जीआयमुळे तुमचा माल चार पैसे जास्त मोलाने विकला जात असेल तर खुशाल विका, पण त्याला खर्च म्हणू नका.

आकडा असा द्या की जो समोरच्याला बाहेर पडताळता येईल. हंगामात गोवा बागायतदार संस्था बियांचा खरेदी दर जाहीर करते, तो वर्तमानपत्रांत येतो. आमची सरासरी त्याच्याशी ताडून बघता येते, म्हणून तीच पत्रात वर ठेवली. बँकेचं व्याज हासुद्धा आमचा खरा खर्च आहे, वर्षभराचा माल तीन महिन्यांत उचलायचा म्हणजे कर्ज आलंच. पण ते मी पत्रात घातलं नाही. ते गिऱ्हाइकाला तपासता येत नाही, आणि उसने पैसे किती घ्यायचे हा आमचा निर्णय असतो.

तुमचा माल कोणता ते तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे वरचं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही. काजूतही जे आफ्रिकेतून बिया आणतात त्यांचा हिशेब डॉलर, आयात शुल्क आणि बंदराच्या खर्चावर फिरतो, त्यांनी इथल्या बियांचा दर दाखवणं खोटं ठरेल. उतारा बियांगणिक बदलतो, आमचे २३ किलो तुमच्याकडे २१ असू शकतात. ज्या हॉटेलांशी वर्षाचा लेखी दर ठरलेला आहे तिथे पत्राने वर्षाच्या मध्ये काही होत नाही. करारात दरबदलाचं कलम असेल तर त्यावर बोट ठेवा, नसेल तर मुदत संपेपर्यंत थांबा. आणि हो, पत्र गेल्यावर फोन जरूर करा. काकांचा तेवढा मुद्दा बरोबर आहे. एक मडगावचं गिऱ्हाईक तरीही सुटलं, आम्ही ९२० म्हटल्यावर त्यांना ८८० चा माल मिळाला.

काकांचा खरा आक्षेप वेगळाच आहे. ते म्हणतात, "हिशेब हातात दिलास, आता बिया उतरल्या की तेच पान घेऊन येतील." येणारच! पुढच्या हंगामात बिया १३० ला मिळाल्या तर मिठाईवाले शंभर किलोंचं पान काढून बसतील, आणि मला तेव्हा अख्ख्याचा दर खाली आणावा लागेल. किती आणायचा तेही मी आताच ठरवलंय. बी १० रुपयांनी उतरली तर ९२० चे ८७० करायचे, सोसलेले १९ रुपये त्यातून वसूल करायचे नाहीत. काकांना हे पटत नाही, उतरलेला भाव आपण होऊन कोणी कळवतं का, असं ते विचारतात. मी कळवणार आहे, तशाच पत्राने. तुमची तशी तयारी नसेल तर मात्र पत्रात आकडे घालू नका, नुसता नवा दर आणि तारीख कळवा.