बोनस शेअर्स कोणत्या नफ्यातून दिले, ते आधी बघ

एकत्रित ताळेबंद करताना, उपकंपनीने बोनस दिला म्हणजे गुडविल कमी होणारच, असं धरून चालू नकोस. आधी तो कोणत्या नफ्यातून दिला ते शोध.

समज, मुख्य कंपनीने ८०% शेअर्स १,४०,००० ला घेतले. त्या दिवशी उपकंपनीचं भांडवल १,००,००० आणि राखीव निधी ५०,००० होता. आपला हिस्सा १,२०,०००, म्हणून गुडविल २०,०००. पुढे ४०,००० नफा झाला आणि २०,००० चे बोनस शेअर्स दिले.

बोनस जुन्या निधीतून असेल तर भांडवल वाढतं, निधी तेवढाच घटतो. आपला हिस्सा १,२०,०००च राहतो. नव्या नफ्यातून असेल तर क्रमिक पुस्तकांच्या रीतीने त्यातले आपले १६,००० भांडवली बाजूला जातात. गुडविल ४,०००, आणि एकत्रित नफ्यातला आपला वाटा ३२,००० ऐवजी १६,०००. अल्पसंख्याकांचा हिस्सा दोन्हीकडे ३८,०००च येतो. तो बदलला तर बेरीज तपास. (इंड एएस १०३ मध्ये मात्र गुडविल संपादनाच्या दिवशीच ठरतं, बोनसने हलत नाही.)

मुख्य कंपनी आणि उपकंपनी यांच्या आपसातल्या कर्जाला ८०% लावू नकोस, ही चूक मी स्वतः केली आहे. कर्ज दोन्ही बाजूंनी पूर्ण रद्द होतं. उपकंपनीचे डिबेंचर्स मात्र मुख्य कंपनीकडे जेवढे आहेत तेवढेच काढायचे, बाकीचे बाहेरच्यांचं देणं म्हणून ताळेबंदात राहतात. त्यांवरचं येणं-देणं व्याजही सोबतच काढ.