तीस अधिक तेरा किती?

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, पुण्यात नोकरी, पगार हातात ८५ हजार. फ्लॅटसाठी ५० लाखांचं कर्ज घेतोय, साडेआठ टक्के, २० वर्षं. एजंट म्हणतो स्टेप-अप घ्या. पहिल्या वर्षी हप्ता फक्त ३० हजार, मग दरवर्षी ५ टक्के वाढ. पगार तर दरवर्षी १० टक्के वाढेलच. वाचणाऱ्या पैशातून त्यानेच महिना १३ हजारांची एंडोमेंट पॉलिसी काढून दिली, तिचे कागद मागच्या आठवड्यात आले. मॅच्युरिटीला त्यातून कर्ज फिटेल म्हणतो. स्टेप-अप घेऊ का?

उत्तर : आधी पहिल्या महिन्याचं व्याज काढा. ५० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी ते होतं ३५,४०० रुपये. तुम्ही भरणार ३० हजार. उरलेले ५,४०० रुपये मुद्दलात चढतात आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यावरही व्याज लागतं. हे वेळापत्रक मी शेवटपर्यंत मांडून पाहिलं. पाच वर्षांत तुम्ही जवळपास २० लाख भरता आणि कर्ज उरतं ५२ लाख, म्हणजे घेतलं त्याहून जास्त. ते पुन्हा ५० लाखांखाली यायला नववं वर्ष उजाडतं. साध्या कर्जात पाच वर्षांनी ४४ लाख उरले असते. शेवटच्या वर्षी तुमचा हप्ता असेल ७६ हजारांच्या आसपास. एकूण व्याज ६९ लाख. साध्या कर्जाचा हप्ता ४३,४०० आणि व्याज ५४ लाख. फरक १५ लाखांचा.

बँकांच्या स्टेप-अप योजनेत सुरुवातीचा हप्ता सहसा निदान व्याज भागेल एवढा तरी असतो. म्हणून मला शंका आहे, की हा तक्ता मंजुरीपत्रातला नसून एजंटच्या लॅपटॉपमधला आहे. बँकेकडून महिन्यागणिक वेळापत्रक लेखी मागवा आणि ‘शिल्लक मुद्दल’ हा रकाना वरून खाली वाचा. एकाही ओळीत आकडा वाढताना दिसला, तर सही करू नका.

पण तुमच्या पत्रातली खरी चूक वेगळीच आहे. ३० हजारांचा हप्ता आणि १३ हजारांची पॉलिसी, बेरीज ४३ हजार. साध्या कर्जाचा हप्ता जवळजवळ तेवढाच! म्हणजे तो तुम्हाला आजही झेपतो. ‘वाचणारे’ १३ हजार वाचलेले नाहीतच. तुम्ही ते साडेआठ टक्क्यांनी उसने घेऊन अशा पॉलिसीत टाकताय, जिचा परतावा साधारणपणे पाच-साडेपाच टक्क्यांच्या वर जात नाही. आणि हा फरक टिकतो आठच वर्षं. नवव्या वर्षी तुमचा हप्ता ४४ हजारांवर जातो, साध्या हप्त्यालाही ओलांडतो, आणि प्रीमियम मात्र चालूच राहतो. तेव्हा मुलाची शाळा सुरू झालेली असेल. एजंटने हे तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याने दोन कमिशनं पाहिली, याचा मला मनापासून राग येतो.

पॉलिसीचं विमा कवचही पाहा. अशा पॉलिसीत ते बहुधा वार्षिक प्रीमियमच्या दहापट, म्हणजे १५-१६ लाख असतं. उद्या तुमचं बरंवाईट झालं, तर बायकोच्या डोक्यावर ५० लाखांचं कर्ज आणि हातात १६ लाख.

पगार १० टक्क्यांनी वाढेलच, हे कुणी लिहून दिलंय? एक वर्ष वाढ झाली नाही किंवा नोकरी बदलताना चार महिने गेले, तरी स्टेप-अपचा हप्ता थांबत नाही, ठरल्या तारखेला वाढतो. वाढवायचाच असेल तर तो तुमच्या हाताने वाढवा. साधं कर्ज घ्या, ४३,४०० भरा, आणि ज्या वर्षी पगार वाढेल त्या वर्षी हप्ता ५ टक्क्यांनी वाढवून घ्या. दरवर्षी जमलं तर कर्ज सव्वाबारा वर्षांत संपतं आणि व्याज ३५ लाखांच्या आत राहतं. एखाद्या वर्षी नाही जमलं, तर कुणी दंड लावत नाही. वैयक्तिक गृहकर्ज फ्लोटिंग दराचं असेल, तर मुदतीआधी फेडण्यावर शुल्क नाही. दर फ्लोटिंगच आहे ना, तेवढं मंजुरीपत्रात तपासा.

आता तातडीचं. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण देऊन किंवा न देताही परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा खर्च कापून प्रीमियम मिळतो. कर्जासाठी ही पॉलिसी सक्तीची आहे असं एजंट म्हणाला, तर ते त्याला लेखी द्यायला सांगा. तो देणार नाही. या पॉलिसीच्या जागी एक कोटीचा शुद्ध मुदत विमा काढा. तो मिळेपर्यंत जुनी पॉलिसी परत करायचं थांबवण्याची गरज नाही, मात्र मुदत विम्याचा अर्ज आजच करा. हे उत्तर छापण्याआधीच तुम्हाला पाठवतोय, कारण तुमचा एक आठवडा आधीच गेलाय. पॉलिसी परत करण्याचा अर्ज विमा कंपनीच्या शाखेत स्वतः नेऊन द्या, एजंटच्या हाती देऊ नका, आणि तारखेचा शिक्का मारलेली पोचपावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका.