होय दाबायचं की नाही? लाडकी बहीणच्या ई-केवायसीतलं एक वाक्य

प्रश्न: माझी आई विदर्भातल्या खेड्यात राहते. सरकारी योजनेचा ऑनलाइन अर्ज भरताना सूचना मराठीत असूनही नेमकं काय विचारलंय ते तिला कळत नाही. गावात हे कोण समजावून सांगतं, आणि कसं?

उत्तर:

आमच्या गावात हे काम शाळेच्या मास्तरकडे येतं, म्हणजे माझ्याकडे. दर्यापूर तालुक्यातलं खारपाणपट्ट्यातलं गाव आहे, मी जिल्हा परिषद शाळेवर आहे आणि राहायलाही गावातच आहे. तालुक्याला जायचं म्हटलं की बाईची दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे संध्याकाळी सैपाक आटोपला की आधार कार्डं पिशवीत घालून बायका अंगणात येऊन बसतात. कसं समजावतो ते मोघम सांगण्यात अर्थ नाही, म्हणून लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचंच सांगतो. त्यातल्या एका वाक्याने पुष्कळ जणींना चकवलं.

२०२५च्या सप्टेंबरात ही ई-केवायसी सुरू झाली आणि आमच्याकडे लगेच कापसाची वेचणी लागली. महिना १५०० रुपये मिळणाऱ्या प्रत्येक बाईला ती करायची होती. जागा एकच, ladakibahin.maharashtra.gov.in. तशाच दिसणाऱ्या बनावट साइटही फिरत होत्या, म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली लिंक कोणी पुढे केली तरी मी पत्ता स्वतः टाइप करायचो.

पहिली पायरी सोपी होती. बाईचा आधार क्रमांक, खालचा कॅप्चा, संमतीची खूण आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. दुसऱ्या पायरीला पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. इथे आमची अर्धी गाडी अडायची, कारण नवरा कंपनीत पुण्याला आणि फोन त्याच्या खिशात. मग त्याला आधी फोन लावून ठेवायचा, "आता नंबर येईन, लगेच सांगजा" म्हणून बजावायचं आणि मगच बटण दाबायचं, कारण ओटीपी काही मिनिटांतच शिळा होतो. एकाने मला फोनवर सुनावलं, "सर, तुमीच पोराईले शिकवता का ओटीपी कोणाले सांगू नोका, अन आता तुमीच मांगून राह्यले!" बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून ओटीपी मी विचारत नाही. बायकोने तिच्याच फोनवरून विचारायचा आणि तिनेच टाकायचा. दिवसा साइट फार अडकायची, म्हणून हे सगळं रात्री जेवणं झाल्यावर चालायचं.

त्यानंतर जातीचा प्रवर्ग निवडायचा होता, आणि त्याच्याखाली ते वाक्य. मजकूर साधारण असा होता: माझ्या कुटुंबातील सदस्य नियमित किंवा कायम कर्मचारी म्हणून सरकारी विभाग, उपक्रम, मंडळ किंवा स्थानिक संस्थेमध्ये कार्यरत नाहीत, किंवा सेवानिवृत्तीनंतर निवृत्तीवेतन घेत नाहीत. पुढ्यात दोन पर्याय, होय आणि नाही.

शेजारच्या वहिनींनी ते वाचलं, म्हणजे "सरकारी", "कर्मचारी" एवढं वाचलं, आणि बोट सरळ "नाही"वर. मी हात धरला नाही एवढंच. म्हटलं, "थांबा वहिनी, काय समजलं?" त्या म्हणाल्या, "नोकरी हाय का म्हंते. आमच्या घरी कोणाले हाय नोकरी? नाई म्हणाव."

चकवा इथे आहे. तो प्रश्न नव्हताच. बाईच्या तोंडून सरकारने लिहून घेतलेलं ते कथन होतं, आणि त्यात "नाहीत" आधीच बसलेलं होतं. त्याच्यापुढे "नाही" निवडलं की कथन खोटं ठरतं, म्हणजे घरात कोणीतरी सरकारी नोकर किंवा पेन्शनर आहे असं बाई स्वतःच कबूल करते. ज्या घरात कायम सरकारी नोकरी, ते घर योजनेत बसत नाही. कापूस वेचून आलेली बाई एका बोटाने स्वतःला अपात्र करते.

मी वहिनींना फोन बाजूला ठेवायला लावला आणि तेच वाक्य मोठ्याने म्हणायला सांगितलं, आपल्या बोलीत: "माह्या घरात कोणी सरकारी नोकरीत नाई, कोणी पेन्शन घेत नाई." मग विचारलं, "हे खरं का खोटं?" "खरंच हाय." "मंग होय." त्या दोनदा हसल्या आणि म्हणाल्या, "असं सरळ लिहाले काय झालं होतं त्याईले?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पण त्या दिवसापासून अंगणात नियमच झाला की आधी वाक्य मोठ्याने म्हणायचं, खरं का खोटं ते सांगायचं, आणि मगच बोट लावायचं.

वहिनींची शंका मात्र तिथे संपली नाही. दीर पोलिसात आहे आणि एकाच घरात राहतो. "मंग थो घरातलाच ना?" इथे योजनेच्या शासन निर्णयाकडे जावं लागतं. २०२४च्या त्या निर्णयात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं-मुली. चूल एक असली तरी दीर त्या व्याख्येत येत नाही, नवरा असता तर आला असता. माझ्या घरचंच घ्या. मी कायम नोकर, म्हणून माझ्या बायकोचा अर्ज कधी भरलाच नाही. गावातल्या बायकांना ते माहीत आहे, त्यामुळे मी कोणाला "तुमचं बसत नाही" म्हटलं तर राग कमी येतो.

उलटी अडचण शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींची. त्या ठाम होत्या की आपण सरकारी शाळेत काम करतो, म्हणजे सरकारी नोकर, म्हणजे इथे खरं बोलून "नाही"च दाबायचं. वाक्यातला "नियमित किंवा कायम" हा तुकडा त्यांच्या नजरेतून सुटला होता. त्यांना मिळतं ते मानधन. शासन निर्णयात कंत्राटी आणि स्वयंसेवी काम करणाऱ्यांना, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, पात्र धरलेलं होतं. म्हणून त्यांनाही "होय"च.

पण मावशी तिथवर पोचल्याच नव्हत्या. त्या विधवा, वडीलही हयात नाहीत, मग दुसऱ्या पायरीला आधार कोणाचं टाकायचं? कोणीतरी त्यांना भावाचं टाका म्हणून सांगितलं होतं. मी नको म्हटलं. तिथे पती किंवा वडील मागितलेत, भावाचा नंबर घालून पुढे सरकलं तरी ती माहिती खोटीच. पुढे नोव्हेंबरात १८ तारखेची मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढली आणि तेव्हा खुलासा आला. पती किंवा वडील हयात नसतील, किंवा घटस्फोट झाला असेल, तर बाईने स्वतःची ई-केवायसी करायची आणि मृत्यूच्या दाखल्याची किंवा घटस्फोटाच्या कागदाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. मावशींजवळ नवऱ्याचा मृत्यूचा दाखला नव्हता, तो ग्रामपंचायतीतून काढला. सेविकेने प्रत घेतली तेव्हा मी मावशींना एका प्रतीवर तिची सही आणि तारीख घ्यायला लावली. पुढे कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हातात हवं.

त्या नोकरीच्या वाक्याखाली दुसरं कथनही होतं, की कुटुंबातील केवळ एक विवाहित आणि एक अविवाहित महिला लाभ घेत आहे. यात "नाही" नसल्यामुळे गोंधळ कमी. फक्त दोन अविवाहित बहिणी लाभ घेत असतील तर इथे "होय" म्हणणं खोटं ठरतं. अशा घरी मी काय लिहिलंय ते समजावून सांगितलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते बटण मी दाबत नाही.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. शेवटी बटण दाबलं की ई-केवायसी यशस्वी झाल्याचा संदेश यायचा. वहिनींच्या जावेने तालुक्याच्या एका दुकानात आधीच उरकलं होतं, तिलाही तो संदेश आला होता आणि ती निर्धास्त होती. त्या संदेशाचा अर्थ एवढाच की माहिती पोचली. तुमची उत्तरं तुमच्या बाजूची आहेत की विरोधात, ते त्यात कळत नाही. तिला विचारलं, "त्या वाक्याले काय दाबलं?" ती म्हणाली, "त्यानंच दाबलं, मले म्हणे नोकरी हाय का, म्या म्हटलं नाई." म्हणजे दुकानदारानेही तोच घोळ केला होता. सुदैवाने तेव्हा साइटवर माहिती एकदाच दुरुस्त करायची सोय होती आणि ३१ डिसेंबरची मुदत उलटली नव्हती. एकदाच म्हटल्यावर घाई परवडत नाही, म्हणून आधी दोन्ही वाक्यं कागदावर उतरवली, तिच्याकडून खरं-खोटं करून घेतलं, उत्तरं लिहिली आणि मग साइट उघडली.

ज्या बायकांना हे कळलंच नाही त्यांचे हप्ते थांबले. असा गोंधळ राज्यभर झाल्याचं दिसल्यावर अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगण्यात आलं. तुमच्या आईचा हप्ता ई-केवायसी करूनही बंद झाला असेल तर आधी हेच विचारा, त्या वाक्याला काय दाबलं होतं. आठवत नसेल, आणि घरात कायम सरकारी नोकर किंवा पेन्शनर कोणी नसेल, तर आधार, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन तिला गावच्या सेविकेकडे पाठवा आणि पडताळणीत नाव आहे का ते पाहायला सांगा.

आणि तुम्ही लांबून फोनवर मदत करत असाल तर "तिथे काय लिहिलंय?" असं विचारू नका. त्यावर आई स्वतःला समजलेला अर्थ सांगेल. स्क्रीनचा फोटो मागवा, किंवा तिला अक्षर न् अक्षर वाचायला लावा आणि शेवटचा शब्द "आहे" आहे की "नाही", तिथपर्यंत थांबा. बटण त्याच्यानंतर.