देणगीसाठीच्या व्हिडिओत एकाच मुलीची गोष्ट कशी मांडावी?

प्रश्न: आमची संस्था बीडमध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. रडका होऊ नये, पण लोकांनी पैसे तर द्यावेत. कसं करू?

उत्तर: संस्थेच्या माहितीने सुरुवात करू नका. पहिल्या दहा सेकंदांत मुलगीच दिसू दे, काहीतरी करताना. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन निघतात, ट्रॅक्टरवर भांडी चढतात आणि ती दारात दप्तर घेऊन उभी आहे. एवढं पुरतं, वर व्हायोलिन नको. मग तिलाच बोलू द्या. "कसं वाटतं?" विचारलंत की पाठ केलेलं उत्तर येतं. "गेल्या वर्षी फडावर सकाळी काय करायचीस?" विचारा, ती धाकट्या भावाला सांभाळल्याचं सांगेल.

गोष्ट पूर्ण सुखान्त करू नका, इथेच बहुतेक जण चुकतात. ती सातवीत टिकली, पण यंदाच्या हंगामाच्या जेवणाची सोय अजून व्हायची आहे, हे खरं असेल तर तसंच सांगा. मागणी त्याच फटीतून येते. साधारण दीड मिनिटाला एकच आकडा सांगा: एका मुलाचा महिन्याचा खर्च, तुमच्या हिशेबवहीतून काढलेला. तीन पर्याय दिलेत की माणूस "नंतर बघू" म्हणतो. क्यूआर कोड शेवटी निदान आठ सेकंद राहू दे.

आईबापांची संमती चित्रीकरणाआधी घ्या, आणि तयार व्हिडिओ मुलीला आधी दाखवा. एखाद्या दृश्याला तिने मान खाली घातली, तर ते काढा.