पाच फ्लॅट, एक दिवस आणि दोघांच्या दोन पसंती

प्रश्न: येत्या रविवारी ब्रोकर आम्हाला एकाच दिवशी भाड्याचे पाच फ्लॅट दाखवणार आहे. मला ऑफिसपासून जवळचे घर हवे आहे, नवऱ्याला मोठे आणि उजेडाचे. अशा दिवशी नेमके काय घडते आणि आम्ही कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर: मी स्वतः भाड्याच्या घरांची दलाली करतो, त्यामुळे हे दारात किल्ली घेऊन उभा असलेल्या माणसाच्या बाजूने सांगतो. तुमच्या दोघांच्या मागण्यांत एक फरक असा आहे, की एक मागणी घरात पाऊल टाकताच डोळ्यांना दिसते आणि दुसरी त्या दिवशी दिसतच नाही. खोली मोठी आहे, खिडकीतून ऊन येते, हे तुमच्या नवऱ्याला अर्ध्या मिनिटात कळेल. ऑफिसला पोहोचायला किती वेळ लागेल, हे मात्र रविवारी दुपारी मोकळ्या रस्त्याने माझ्या गाडीत बसून जाताना कोणालाच कळत नाही. म्हणून कोणी फसवले नाही, तरी असा दिवस मोठ्या घराच्या बाजूने झुकतो.

तुमच्यासारख्याच एका जोडप्याला मी घरे दाखवली, तो दिवस सांगतो. तिला आठवड्यातून पाच दिवस ऑफिसला जायचे होते आणि दारापासून दारापर्यंत चाळीस मिनिटांहून अधिक प्रवास नको होता. तो घरून काम करणारा. त्याला दार बंद करता येईल अशी वेगळी खोली आणि दिवसाचा उजेड हवा होता. पाचही घरांचे भाडे त्यांनी सांगितलेल्या मर्यादेत होते.

पहिला फ्लॅट तळमजल्यावरचा आणि सगळ्याच बाबतींत मध्यम होता. तो बहुधा कोणी घेत नाही, पण पुढची घरे कशाशी ताडायची हे त्यावरून ठरते. दुसरा तिच्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर होता, मात्र त्यात झोपण्याची एकच खोली असल्याने त्याचे टेबल दिवाणखान्यात आले असते. तिथे तो दारातच थांबला आणि ती स्वयंपाकघराचा नळ सोडून पाण्याचा जोर पाहू लागली. कोण कुठे रेंगाळते याकडे माझे लक्ष असते, कारण तोंडाने सांगितलेल्या पसंतीपेक्षा ते अधिक खरे निघते.

तिसरा आणि चौथा फ्लॅट लांबच्या भागात, एकाच रस्त्यावर होते. दोन्हींत दोन खोल्या होत्या आणि भाडे जवळपास सारखेच होते. तिसऱ्याच्या दुसऱ्या खोलीची खिडकी इमारतीच्या आतल्या अंधाऱ्या चौकात उघडत होती आणि एका भिंतीचा खालचा भाग तेवढाच नव्याने रंगवलेला होता, ज्यावरून ओल झाकली असावी अशी शंका यावी. त्यानंतर लगेच चौथ्याचे दार उघडले, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारचे ऊन फरशीभर पसरले होते. तो सरळ आत गेला आणि टेबल कुठे बसेल हे पावलांनी मोजू लागला. ती दिवाणखान्यात उभी राहून “छान आहे” एवढेच म्हणाली.

इथे थोडे थांबायला हवे, कारण अशा दिवसाचा निर्णय बहुधा याच ठिकाणी होतो. चौथा फ्लॅट चांगला होताच, पण तिसरा आधी पाहिल्यामुळे तो होता त्याहून चांगला वाटला. १९८२ मध्ये ह्युबर, पेन आणि पुटो या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवले, की दोन पर्यायांत निवड करायची असताना त्यांतल्या एकापेक्षा स्पष्टपणे कमी पडणारा तिसरा पर्याय समोर ठेवला, तर तो तिसरा फारसे कोणी घेत नाही, पण ज्याच्यापुढे तो कमी पडतो त्याच्याकडे अधिक लोक वळतात. माझा तसा हेतू नव्हता. दोन्ही किल्ल्या एकाच रखवालदाराकडे होत्या, एवढेच कारण होते, आणि आमच्या धंद्यात घरांचा क्रम डावपेचांपेक्षा किल्ल्यांवरून आणि घरमालकांच्या वेळांवरून अधिक ठरतो. परिणाम मात्र हेतूवर अवलंबून नसतो. दुसऱ्या फ्लॅटला उठाव देणारा, म्हणजे तितकाच जवळ पण त्याहून वाईट असा एकही फ्लॅट यादीत नव्हता, त्यामुळे तिची बाजू आपोआप हलकी पडली.

मी तिला फोनवरच्या नकाशात निघण्याची वेळ सोमवारी सकाळी नऊची टाकून पाहायला सांगितले. चौथ्या फ्लॅटपासून पंचावन्न मिनिटे आली. दुसऱ्यापेक्षा ही प्रत्येक फेरीला पस्तीस मिनिटे अधिक, दिवसाला सत्तर, आणि महिन्याच्या बावीस दिवसांना सुमारे २६ तास होतात. हा आकडा ऐकल्यावर त्याने खिडकीकडे पाहणे सोडून पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिले. उजेडाचीही दुसरी बाजू होती: पश्चिमेच्या खोलीत चार वाजता जे ऊन सुंदर दिसते, तेच उन्हाळ्यात भिंत तापवते आणि संगणकाच्या पडद्यावर चकाकी आणते. त्याच्या बैठका सकाळी असत आणि त्या वेळी ती खोली कशी दिसते, हे आम्ही पाहिलेच नव्हते.

पाचवा फ्लॅट ऑफिसपासून तीस मिनिटांवर होता. त्यात एक मोठी खोली आणि सहा बाय आठ फुटांची, खिडकी असलेली एक लहान खोली होती, जी आधीच्या भाडेकरूने सामान ठेवायला वापरली होती. दोन फूट रुंद टेबल आणि मागे खुर्ची सरकवायला तीन फूट धरले, तरी सहा फुटांत ते बसते. मात्र थकलेल्या डोळ्यांना ती खोली अडगळीचीच वाटते आणि शेवटचे घर लोक पाच मिनिटांत उरकतात. मी त्याला आत उभे करून दार लावले आणि एका मित्राला फोन करायला सांगितले. भिंतीपलीकडे लिफ्ट थांबल्याचा आवाज त्याला ऐकू आला, फोनवरच्या मित्राला आला नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडून होकार घेतला नाही. दोन दिवसांनी ती ऑफिसच्या वेळेला दुसऱ्या आणि पाचव्या फ्लॅटपासून प्रत्यक्ष जाऊन आली, तो सकाळी दहाला पाचव्यात जाऊन बसला, आणि त्यांनी पाचवा घेतला. तिने दहा मिनिटे सोडली आणि त्याने मोठ्या खोलीचा आग्रह सोडला.

तुम्ही रविवारी निघण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, कोणत्या एका कारणावरून घर साफ नाकाराल ते लिहा. “मोठे” किंवा “जवळ” असे लिहू नका. “दार लागणारी खोली नसेल तर नको”, “चाळीस मिनिटांहून अधिक असेल तर नको” असे मोजता येईल ते लिहा. पाचही पत्ते आदल्या दिवशी मागून घ्या आणि कामाच्या दिवसाची वेळ टाकून प्रवासाची मिनिटे त्या यादीतच लिहून ठेवा, म्हणजे तुमची मागणीसुद्धा दारात उभे असताना डोळ्यांसमोर राहील. एखादे घर दुसऱ्या घरापेक्षा प्रत्येक बाबतीत कमी असेल, तर ते तिथल्या तिथे खोडा आणि उरलेल्यांची तुलना ते पाहिलेच नाही असे धरून करा. कोणते घर किती दिवस रिकामे आहे, हेही ब्रोकरला विचारा. आम्हाला दलाली घर गेल्यावरच मिळते आणि बरेच दिवस पडून असलेले घर आम्ही जरा अधिक उत्साहाने दाखवतो. संध्याकाळी तो “आणखी एक पार्टी उद्या येते आहे” म्हणाला, तर सकाळी ऑफिसच्या वेळेला एकदा जाऊन येतो आणि मग सांगतो, एवढेच त्याला सांगा.