बाराने भागलेली रक्कम पहिल्या वर्षी का पुरत नाही

प्रश्न: इंदूरला राहतो. आरोग्य विमा, मुलीची फी, गाडीचा विमा, नगर निगमचा संपत्तिकर हे सगळं वर्षातून एकदा येतं. एकूण रक्कम १२ने भागून दरमहा बाजूला काढायला लागलो, तरी एप्रिल-मेमध्ये कमी पडेल असं दिसतंय. नेमकं किती काढू आणि कुठल्या खात्यात ठेवू?

उत्तर: भागाकार बरोबर आहे, पण तो पूर्ण वर्षाचं चक्र फिरल्यानंतरचा. पहिल्या वर्षी सुरुवात शून्यापासून होते आणि काही खर्च बारा हप्ते जमायच्या आतच दारात येतात.

उदाहरण घेऊ. पगार १ तारखेला, बचत सप्टेंबरपासून. डिसेंबरमध्ये आरोग्य विमा २४,०००, एप्रिलमध्ये फी ३६,०००, मेमध्ये गाडीचा विमा १२,००० आणि जूनमध्ये संपत्तिकर-जलकर मिळून ६,०००. एकूण ७८,०००, म्हणजे दरमहा ६,५००. डिसेंबरपर्यंत चार हप्त्यांचे २६,००० जमतात, विमा भरून २,००० उरतात. एप्रिलपर्यंत त्याचे २८,००० होतात आणि फी आहे ३६,०००, म्हणजे ८,००० कमी. मेचा हप्ता धरूनही गाडीचा विमा भरल्यावर खड्डा १३,५००वर जातो. हा वर्षातला सर्वांत खोल खड्डा, आणि तेवढेच पैसे तुम्हाला जास्तीचे लागतात. एकदम टाकता आले तर उत्तम. नाहीतर सप्टेंबर ते मे या नऊ महिन्यांत दरमहा १,५०० जास्त, म्हणजे ८,००० टाका आणि जूनपासून ६,५००वर या. पुढच्या वर्षी वेगळं काही करावं लागत नाही.

स्वतःच्या आकड्यांसाठी शीटमध्ये चार रकाने पुरतात: A महिना, B जमा, C खर्च, D शिल्लक. जमेत साधा बारावा हिस्सा लिहा. पहिला महिना दुसऱ्या ओळीत येईल.

```
D2: =B2-C2
D3: =D2+B3-C3
D15: =MIN(D2:D13)
```

D3चं सूत्र D13पर्यंत ओढा. D15मध्ये उणे आकडा आला तर तीच तुमची तूट. पगार ७ तारखेला होत असेल आणि फी ५ला भरायची असेल, तर ती फी आदल्या महिन्याच्या ओळीत लिहा. नाहीतर न आलेला हप्ता धरला जातो.

खर्चाच्या रकान्यात गेल्या वर्षीची पावती जशीच्या तशी उतरवू नका. मध्य प्रदेशात खासगी शाळा परवानगीशिवाय १० टक्क्यांपर्यंत फी वाढवू शकते, तेव्हा तेवढी वाढ धरूनच लिहा. आरोग्य विम्याचा हप्ता वयोगट बदलला की एकदम उडी घेतो, म्हणून पुढचा वयोगट कधी लागतो ते आधीच पाहून ठेवा.

खातं पगाराच्याच बँकेत दुसरं बचत खातं असलेलं बरं. पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा. यूपीआय जोडू नका, डेबिट कार्ड घेऊ नका. खरी अडचण किमान शिल्लकीची. वरच्या हिशेबात मेमध्ये खातं शून्यावर येतं, आणि बँकेची अट ५,०००ची असेल तर दंड लागतो. मग ते ५,००० वेगळे, कायमचे टाकून ठेवायचे आणि शीटमध्ये धरायचे नाहीत. स्टेट बँकेच्या बचत खात्याला २०२०पासून ही अट नाही. मूलभूत बचत खातं उघडून अट टाळायचा विचार असेल, तर त्याच बँकेत त्याच्यासोबत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, हे लक्षात घ्या. आरडी या कामाला सोयीची नाही: ती एका तारखेला पिकते, आणि तुमचे खर्च चार तारखांना आहेत.

विम्याचा ऑटो डेबिट पगाराच्या खात्यावर असेल तर तो या नव्या खात्यावर वळवा. नाहीतर पैसे इथे पडून राहतील आणि हप्ता तिकडून कापला जाईल.

शीटमध्ये देय तारखेच्या दहा दिवस आधीची तारीख लिहा, विम्याच्या बाबतीत तर नक्कीच. वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्याला ३० दिवसांची सवलत मिळते, पण ती पॉलिसी चालू ठेवण्यासाठी; त्या दिवसांत दवाखान्यात भरती झालात तर संरक्षण नसतं. गाडीच्या विम्याची मुदत संपली की त्याच क्षणी संरक्षण जातं, आणि ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर नो क्लेम बोनसही जातो.

पुढच्या वर्षी मार्चअखेर खात्यात पस्तीस हजार दिसतील आणि फी भरल्यावर साडेपाच हजार. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, म्हणून खात्यात किती आहे ते बघून काही ठरवू नका, शीटमधल्या त्या महिन्याच्या शिल्लकीशी ताडून पाहा. मात्र दुसऱ्या वर्षीच्या शीटमध्ये मागची शिल्लक D2च्या सूत्रात मिळवायला हवी, वरच्या उदाहरणात ती ऑगस्टअखेरची १३,५००. मधेच या खात्यातून उसने घेतले तर त्याच महिन्याच्या खर्चात लिहा. D15 लगेच सांगेल की किती कमी पडणार, आणि D रकान्यात पहिला उणे आकडा ज्या महिन्यात दिसेल त्या महिन्याचा खर्च अडणार.