उपनिषद: कोण बसलंय आणि कशाखाली?

प्रश्न: ‘उपनिषद’ म्हणजे गुरूच्या जवळ खाली बसणे, असं प्रत्येक व्याख्यानात ऐकते. यज्ञयाग सोडून लोक गुरूपाशी चिंतनाला बसू लागले, म्हणून हा शब्द आला का? आणि मराठीत ‘ते उपनिषद’ म्हणायचं की ‘ती उपनिषद’?

नाही, तसा आला नाही. हे ‘गुरूच्या जवळ खाली बसणे’ ऐकून माझे कान किटले आहेत. सांगणारा प्रत्येक जण उप, नि आणि सद् असे तीन तुकडे पाडतो आणि व्युत्पत्ती झाली असं समजतो. तुकडे बरोबरच आहेत, त्याबद्दल वाद नाही. परिषद, संसद यांतला सद् तोच. पण बसलंय कोण आणि कशाजवळ, हे तुकड्यांवरून कळत नाही. ते कळायला शब्द वापरात कसा आहे ते पाहावं लागतं.

आधी विद्यार्थी गुरूकडे जातो तिथे काय लिहिलंय ते पाहा. छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे जातो, तिथे क्रियापद आहे ‘उपससाद’. मुंडक उपनिषदात शौनक अंगिरसाकडे जातो, तिथे ‘विधिवदुपसन्नः’. दोन्हीकडे उप आणि सद् आहेत, ‘नि’ नाही. गुरूकडे जाण्यासाठी या ग्रंथांजवळ ठरलेला शब्द होता आणि तो ‘उपसद्’ होता. आणखी एक प्रसंग याहून बोलका आहे. छांदोग्याच्या पाचव्या अध्यायात पाच मोठे गृहस्थ आणि त्यांच्यासोबत उद्दालक आरुणी असे सहा जण केकय देशाच्या अश्वपती राजाकडे वैश्वानर आत्मा समजून घ्यायला जातात. सकाळी हातात समिधा घेऊन ते हजर होतात, म्हणजे शिष्यत्व पत्करायची त्यांची पूर्ण तयारी आहे. राजा काय करतो? ‘तान् हानुपनीयैव’, त्यांचं उपनयन न करताच सांगायला लागतो. उपनिषदांमधल्या एका फार महत्त्वाच्या शिकवणीत गुरुशिष्याचा विधी असा चक्क वगळलेला आहे.

मग ‘उपनिषद्’ हा शब्द या ग्रंथांत येतो तरी कसा? एका ठरावीक साच्यात येतो: अमुक गोष्टीची उपनिषद् तमुक. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींचा अर्थ सांगणाऱ्या वैदिक ग्रंथाच्या दहाव्या कांडात, अग्निचयनाच्या म्हणजे विटांची वेदी रचण्याच्या चर्चेत, ‘या अग्नीची उपनिषद् वाक् हीच’ असं वाक्य आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायातलं उदाहरण तर मी कुणालाही प्रथम दाखवतो. सूर्यमंडलातल्या पुरुषाबद्दल तिथे म्हटलंय ‘तस्योपनिषदहरिति’, आणि लगेच पुढे उजव्या डोळ्यातल्या पुरुषाबद्दल ‘तस्योपनिषदहमिति’. एकाची उपनिषद् ‘अहर्’ म्हणजे दिवस, दुसऱ्याची ‘अहम्’ म्हणजे मी. एका अक्षराच्या फरकाने आकाशातला सूर्य आणि पाहणारा माणूस एकमेकांना बांधले आहेत. इथे ‘गुरूजवळ बसणे’ घालून वाक्य लावून पाहा. लागत नाही. ‘त्याच्यामागे दडलेलं नाव’ किंवा ‘त्याच्याशी जोडलेली गोष्ट’ असं घातलं की चटकन लागतं.

आणि पाणिनी! अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात ‘जीविकोपनिषदावौपम्ये’ असं सूत्र आहे (१.४.७९). औपम्य म्हणजे सारखेपणा दाखवायचा असेल तेव्हा ‘उपनिषत्कृत्य’ असं रूप होतं, म्हणजे ‘उपनिषदेसारखं करून’. जवळ बसण्याचा किंवा गुरूचा इथे मागमूस नाही. एका गोष्टीशेजारी दुसरी ठेवून पाहण्याच्या संदर्भात हा शब्द पाणिनीच्या कानावर होता. हे सूत्र मला पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी दुसरं काही सुचलं नव्हतं.

आता यज्ञाकडून चिंतनाकडे कसं वळण आलं, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा. ब्राह्मणग्रंथांत या जोडण्यांना ‘बंधु’ म्हणतात. वेदीवर जे आहे त्याचा विश्वात बंधु कोण, हे माहीत असलं तर कर्म फळतं, हा त्यांचा हिशेब. म्हणून बृहदारण्यकाची सुरुवात ‘मी कोण’ अशी होत नाही, ती घोड्याने होते: ‘उषा वा अश्वस्य मेध्यस्य शिरः’. पहाट हे अश्वमेधाच्या घोड्याचं डोकं, सूर्य डोळा, वारा श्वास, संवत्सर त्याचं धड. पुढे तर पोटातलं अर्धवट पचलेलं अन्न म्हणजे वाळू, आणि तो अंग झटकतो तोच मेघगर्जनेचा आवाज. घोड्याच्या पुढे आणि मागे ठेवायचे ‘महिमन्’ नावाचे दोन सोमपात्र असतात, एक सोन्याचं, एक चांदीचं. त्यांतलं एक दिवस, दुसरं रात्र. हे सगळं यज्ञ जवळून पाहिलेल्या माणसाचं बोलणं आहे. यज्ञावर रुसून तो रानात गेला आणि तिथे त्याला हे सुचलं, असं यात कुठे दिसतं?

तरीही ‘उपनिषदं म्हणजे कर्मकांडाविरुद्धचं बंड’ असं छातीठोक सांगणारे आहेतच. त्यांचा सगळा भार मुंडकातल्या ‘यज्ञरूपी होड्या कच्च्या आहेत’ या एका मंत्रावर असतो. मुंडक हे जुन्या गद्य उपनिषदांच्या नंतरचं. वळण त्याच्या फार आधी घेतलं गेलं होतं, आणि तेही यज्ञशाळेच्या आत.

ते कसं, ते अग्निहोत्रावरून पाहा. रोज सकाळ-संध्याकाळ दुधाची आहुती, इतका साधा हा विधी. शतपथाच्या अकराव्या कांडात जनक याज्ञवल्क्याला विचारतो, अग्निहोत्र जाणतोस का? जाणतो. काय आहे ते? दूध. दूध नसेल तर? तांदूळ आणि जव. ते नसतील तर? इतर वनस्पती. त्या नसतील तर रानातल्या. त्याही नसतील तर झाडांचं जे मिळेल ते, आणि तेही नसेल तर पाणी. पाणीही नसेल तर? याज्ञवल्क्य म्हणतो, तेव्हा इथे काहीच नव्हतं, तरी आहुती दिली जात होती, सत्याची श्रद्धेत. जनक शंभर गाई देतो. प्रश्न थेट विधीच्या नियमांतलाच आहे: द्रव्य मिळालं नाही तर बदली काय? असल्या बदल्यांची चर्चा याज्ञिक नेहमीच करत. जनक फक्त मध्ये थांबत नाही. द्रव्य एकेक पायरी उतरत जातं आणि शेवटी द्रव्यच उरत नाही, तरी होम उरतो.

कौषीतकी उपनिषद पुढची पायरी उतरतं. माणूस बोलत असतो तोवर त्याला श्वास घेता येत नाही, म्हणजे तो श्वासाची आहुती वाणीत देतो. श्वास घेत असतो तोवर बोलता येत नाही, म्हणजे वाणीची आहुती श्वासात. जागेपणी आणि झोपेतही हे चालूच असतं. हे जाणणारे पूर्वज अग्निहोत्र करत नसत, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय. इथवर येणं बंधु शोधण्याच्या याज्ञिक सवयीनेच झालं. बाहेरच्या गोष्टीचा आतला जोडीदार सापडला, आणि मग बाहेरची गोष्ट सोडली तरी चालेल असं कुणाच्या तरी लक्षात आलं.

आता ‘नि’कडे येतो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. शतपथात राजा आणि प्रजा यांच्या संदर्भात ‘अधस्तात् उपनिषादिनी’ असं येतं: प्रजा ही राजाच्या खाली बसलेली, म्हणजे राजा तिच्यावर टेकलेला. माझं म्हणणं असं, की उपनिषद् म्हणजे एखाद्या गोष्टीच्या बुडाशी बसलेली दुसरी गोष्ट, जिच्यावर पहिली उभी आहे. आपण मराठीत सहज विचारतो, ‘या प्रकरणाच्या बुडाशी काय आहे?’ नेमकं तेच. त्याला पालीचा पुरावा आहे. संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथात ‘उपनिसा’ असा शब्द येतो, अर्थ कारण, आधार. श्रद्धेची उपनिसा कोणती? दुःख. फ्रेंच विद्वान लुई रनू यांनी १९४६ साली वैदिक ‘जोडणी’ आणि बौद्ध ‘कारण’ हे एकाच शब्दाचे अर्थ म्हणून शेजारी ठेवले. हॅरी फाल्क यांनी १९८६ साली याच दिशेने आणखी पुढे जाऊन उपनिषद् म्हणजे दुसऱ्या गोष्टीला घडवणारी शक्ती, असं मांडलं. काही कोशकार ‘उपनिसा’ हे ‘उपनिस्सय’ या दुसऱ्या पाली शब्दाचं आखूड रूप मानतात. मला ते पटत नाही. अर्थ इतका जुळत असताना आणि वैदिक शब्द समोर असताना आडवाटेने जायचं कशाला?

शंकराचार्यांनी सद् धातूचे विशरण म्हणजे मोडून पडणं, गती म्हणजे जाणं आणि अवसादन म्हणजे ढिलं पडणं हे तीन अर्थ घेतले आणि अविद्येचा नाश करते ती उपनिषद् असं सांगितलं. भाष्यकार म्हणून त्यांना जे शिकवायचं होतं त्याला ते चोख बसतं, पण शब्दाचा इतिहास म्हणून ते पुढे करू नये. जर्मन विद्वान पॉल डॉयसन यांनी गुप्त बैठकीचा अर्थ लावून धरला, आणि आजच्या व्याख्यात्यांना तो बहुधा तिथूनच आला आहे. त्यांना मी एवढंच विचारतो की कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या चौदाव्या अधिकरणाचं नाव ‘औपनिषदिक’ का? त्यात शत्रूवर चालवायचे विषप्रयोग आणि मायाप्रयोग आहेत. कामसूत्राच्या शेवटच्या अधिकरणाचंही नाव तेच, आणि त्यात वशीकरणाचे आणि वाजीकरणाचे उपाय. तिथे कोण कोणाच्या पायाशी बसलंय? गुप्त, पण परिणाम घडवणारं साधन, असाच अर्थ तिथे चालतो.

अश्वपतीने त्या सहा जणांना शेवटी काय सांगितलं तेही पाहाच, कारण ते आपल्याकडे अजून ताटावर आहे. छाती ही वेदी, केस हे दर्भ, आणि यज्ञातले तीन अग्नी म्हणजे हृदय गार्हपत्य, मन अन्वाहार्यपचन, तोंड आहवनीय. पहिला घास ‘प्राणाय स्वाहा’ म्हणून. हे न जाणता जो अग्निहोत्र करतो तो निखारे बाजूला सारून राखेत आहुती टाकतो, असं तो म्हणतो. माझे आजोबा ताटाच्या उजव्या बाजूला चित्राहुती घालत, पाण्याने मंडल करत आणि मग पाच छोटे घास न चावता गिळत. छांदोग्यात क्रम प्राण, व्यान, अपान, समान, उदान असा आहे. आजोबा प्राणानंतर अपान म्हणत, कारण आपल्याकडे तोच क्रम रुळला आहे.

लिंगाचं म्हणाल तर संस्कृतात शब्द स्त्रीलिंगी, ‘ती उपनिषद्’. मराठीत ‘ते उपनिषद’, अनेकवचन ‘उपनिषदे’, आणि तेच बरोबर.